वॉचमन, सफाईच्या मावशी आणि लिफ्टचा टेक्निशियन: वर्षअखेरचं आभारपत्र कसं लिहावं

आमच्या सोसायटीत अनेक वर्षं ३१ डिसेंबरला नोटीस बोर्डावर एक कागद लागायचा. ‘सर्व कर्मचाऱ्यांचे त्यांच्या मोलाच्या सहकार्याबद्दल हार्दिक आभार. मॅनेजिंग कमिटीतर्फे.’ खाली शिक्का. शेजारी पाण्याची टाकी धुण्याची नोटीस आणि पार्किंगमधल्या बेवारस सायकलींबद्दलचा इशारा. ज्या मावशींचे आभार मानले होते, त्या रोज सकाळी त्याच बोर्डाखालची फरशी पुसायच्या. त्यांना वाचता येत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रात्रीच्या वॉचमनला वाटत होतं की तो कागद मेंटेनन्सबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं, तेव्हा मी हा कागद बंद करून प्रत्येकाला वेगळं पत्र द्यायचं ठरवलं. आमची सोसायटी पुण्यातली, दोन विंग, सात मजले, ५६ फ्लॅट. पत्रं लागली नऊ. त्यात जे शिकलो, ते क्रमाने सांगतो.

आधी यादी, आणि ती मस्टरवरून

आठवणीतून यादी केली की रोज दिसणारी माणसंच येतात. आम्ही पहिल्या फटक्यात पाच नावं लिहिली होती. मग गेटवरचं मस्टर काढलं. आमच्याकडे एका गेटला १२ तासांच्या दोन शिफ्ट असतात, सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. म्हणजे दोन वॉचमन. पण त्यांच्या सुट्टीला येणारा रिलीव्हर असतो, तो आठवड्यातून दोन दिवस दिसतो आणि कोणाच्याच लक्षात राहत नाही. शिवाय एजन्सीने जूनमध्ये एका वॉचमनची बदली केली होती. पावसाळ्यापर्यंत तो आमच्याकडे होता, डिसेंबरात नव्हता. त्याचंही नाव यादीत घेतलं. त्याचं पत्र एजन्सीच्या फिल्ड ऑफिसरच्या हाती न देता, तो आता जिथे ड्युटी करतो त्या गेटवर आमच्या खजिनदारांनी स्वतः नेऊन दिलं. तीन किलोमीटरचं काम.

सफाईच्या दोघी मावशींपैकी एकीची सून महिनाभर बदली म्हणून आली होती. तिचं नाव मस्टरवर नव्हतं, कारण मस्टरवर मावशींच्याच नावापुढे सही होत राहिली. हे मावशींना विचारल्यावरच कळलं. म्हणून यादी झाली की प्रत्येक गटातल्या एकाला दाखवायची आणि विचारायचं, ‘यात कोणी राहिलंय का?’

लिफ्टच्या बाबतीत घोळ वेगळा असतो. आपण ओळखतो ती लिफ्टची कंपनी. पत्र मात्र त्या माणसाला द्यायचं असतं, जो दर महिन्याला येऊन मशीनरूममध्ये तासभर काम करतो. त्याचं नाव सर्व्हिस स्लिपवर सापडतं. दर सर्व्हिसनंतर तो एक स्लिप भरतो, वॉचमन किंवा ऑफिसातलं कोणी सही करतं आणि ती फाईलला लागते. बाराच्या बारा स्लिपा काढा. आमच्याकडे नऊ स्लिपांवर एकाचं नाव होतं, तीनवर दुसऱ्याचं.

नावं पूर्ण लिहून घ्या, आडनावासकट, आणि ती व्यक्ती स्वतः कशी लिहिते ते विचारून. ज्यांना आपण वर्षभर ‘मावशी’ म्हणतो, त्यांचं पाळण्यातलं नाव, सासरचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव यांत फरक असू शकतो. पत्रावर कोणतं हवं, ते त्या सांगतात. बोलताना मावशी, पत्रावर सौ. किंवा श्रीमती आणि पूर्ण नाव. ज्यांचे यजमान हयात नाहीत त्यांना सौ. लिहून बसलात तर पत्र न दिलेलं बरं.

मग घटना, आणि त्या रजिस्टरमधून

आभारपत्रात विशेषणं नकोत. ‘प्रामाणिक, कष्टाळू, तत्पर’ हे तीन शब्द कोणालाही चिकटतात. त्याऐवजी एक घटना हवी, तारखेसह, आणि त्या माणसाने त्यात नेमकं काय केलं ते. ही घटना शोधायला गेटचं रजिस्टर, तक्रार वही आणि लिफ्टच्या स्लिपा एवढं पुरतं. १० डिसेंबरच्या सुमारास बसा, दोन संध्याकाळी लागतात. ग्रुपवरचे जुने मेसेज शेवटी बघा, कारण तिथे तक्रारी सापडतात, काम सापडत नाही. लिफ्ट बंद पडली की वीस मेसेज. चालू झाली की एक अंगठा.

आम्हाला स्लिपांमध्ये जे सापडलं ते सांगतो. सप्टेंबरात बी विंगची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. वीज गेली होती आणि आत एक आजी व त्यांची नात. वीज गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडण्यासाठी एआरडी नावाचं यंत्र असतं, ते बॅटरीवर चालतं. त्या दिवशी ते चाललं नाही. टेक्निशियन ३५ मिनिटांत आला. त्याने आधी मशीनरूममधला मेन बंद केला, कारण मध्येच वीज आली तर लिफ्ट हलू शकते. मग खाली एका माणसाला दारापाशी उभं करून, आत आजींना ‘दार ढकलू नका, लिफ्ट हळूहळू हलेल’ असं ओरडून सांगायला लावलं. त्यानंतर ब्रेक सोडून मोटरचं चाक हाताने थोडं थोडं फिरवत लिफ्ट मजल्याच्या पातळीला आणली आणि मगच दार उघडलं. त्या रात्री ग्रुपवर सगळे कंपनीला शिव्या घालत होते.

डिसेंबरात स्लिपा चाळताना ऑगस्टची स्लिप निघाली. त्यावर त्याच टेक्निशियनच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘एआरडी बॅटरी वीक, बदलणे.’ कोटेशनही आलं होतं. ते आमच्याच फाईलमध्ये होतं. ‘पुढच्या मीटिंगला बघू’ म्हणून कमिटीने ठेवून दिलेलं.

आता पत्र काय लिहायचं ते आपोआप ठरलं. हा मजकूर आम्ही दिला, फक्त नाव काढलंय:

> श्री. ______ यांस,
> सप्रेम नमस्कार.
> ११ सप्टेंबरला संध्याकाळी बी विंगची लिफ्ट अडकली तेव्हा तुम्ही ३५ मिनिटांत आलात. घाई न करता आधी मेन बंद केलात, आतल्या आजींना काय होणार आहे ते सांगितलंत आणि लिफ्ट मजल्याला आणल्यावरच दार उघडलंत. आजी आणि त्यांची नात स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या.
> बॅटरी बदलायला हवी हे तुम्ही ऑगस्टच्या स्लिपवर लिहिलं होतं. आम्ही कोटेशन वेळेत मंजूर केलं नाही. ती चूक आमची होती आणि त्या संध्याकाळी बोलणी तुम्हाला खावी लागली.
> बॅटरी आता बदलली आहे. तुमच्या स्लिपा यापुढे दर महिन्याच्या मीटिंगमध्ये वाचल्या जातील, तसा ठराव केला आहे.
> आभारी आहोत.

कमिटीत यावर वाद झाला. एक जण म्हणाले, आपली चूक लेखी कशाला द्यायची? माझं मत असं की ते वाक्य काढलं तर पत्रात काही उरत नाही. टेक्निशियनला सगळं माहीत आहेच, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. शेवटी पत्र तसंच गेलं. दुसऱ्या बाजूची काळजी मात्र घेतली. आजींच्या घरी जाऊन ‘हा प्रसंग लिहिला तर चालेल का’ असं विचारलं. त्यांनी होकार दिला, तरी पत्रात त्यांचं नाव किंवा फ्लॅट नंबर घातला नाही. कोणाचं आजारपण, कोणाच्या घरातलं भांडण, कोणाला रात्री कोणत्या अवस्थेत वर पोचवलं, हे वॉचमनने कितीही छान निभावलं असलं तरी पत्रात येत नाही. त्याबद्दल तोंडी आभार, बाजूला घेऊन.

आभार मानताना कोणाची नोकरी अडचणीत येऊ नये

हा भाग मला पहिल्या वर्षी कळला नव्हता. वॉचमनचा पगार एजन्सी देते, टेक्निशियनचा कंपनी. आपलं पत्र एखाद वेळी त्यांच्या साहेबाच्या टेबलावर जातं, आणि साहेब ते वेगळ्या नजरेने वाचतो.

आमच्या पहिल्या मसुद्यात एका वॉचमनबद्दल लिहिलं होतं, ‘पाहुणे गेटवर थांबलेले असतानाही ते आजोबांना हाताला धरून पाचव्या मजल्यापर्यंत घेऊन गेले.’ आपल्याला वाटतं, केवढं कौतुक. फिल्ड ऑफिसर वाचतो, ‘पोस्ट सोडली.’ दुसऱ्या एकाबद्दल होतं, ‘रिलीव्हर न आल्याने त्यांनी सलग ३६ तास ड्युटी केली.’ हे आभाराचं वाक्यच नाही. सलग तीन शिफ्ट एका माणसाने उभं राहायची वेळ आली याचा अर्थ एजन्सीकडे माणूस नव्हता आणि आपण ते चालवून घेतलं. ते वाक्य पत्रातून काढलं आणि त्या विषयाचं वेगळं पत्र एजन्सीला गेलं, डबल ड्युटीचे पैसे त्याला मिळाले का हे विचारणारं.

लिफ्टच्या बाबतीत तर फार जपायचं. ‘दाराचा सेन्सर बिघडला होता, तरी त्यांनी तो बायपास करून लगेच लिफ्ट चालू करून दिली’ असं कोणी उत्साहाने सांगितलं तर आभार बाजूला ठेवा आणि तो सेन्सर आता जोडलेला आहे का ते आधी तपासून घ्या. सेन्सर किंवा दाराचं लॉक बायपास करून चालणारी लिफ्ट माणसाला दारात चिरडू शकते. आपण अशा कामाची स्तुती केली तर पुढच्या वेळी रहिवासी तेच मागतील.

आणि मावशींबद्दल ‘कोणताही कचरा उघड्या हाताने उचलतात, कधी नाक मुरडत नाहीत’ असं लिहिणारे भेटतात. ओला आणि सुका कचरा वेगळा करून, सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून देणं हे २०१६ च्या घनकचरा नियमांपासून रहिवाशांचं काम आहे. तो न गुंडाळता टाकायचा आणि मग उचलणारीचं कौतुक करायचं, याला मी तरी सही करणार नाही. पत्राच्या आधी हातमोजे द्या. रबरी मोजे महिनाभरात फाटतात, म्हणून वर्षाला एक जोड देऊन भागत नाही.

म्हणून मसुदा तयार झाला की एकदा त्या माणसाच्या साहेबाच्या जागी बसून वाचायचा. मग एकदा त्या माणसाच्या जागी बसून.

मावशींचं पत्र लिहिताना

हे सगळ्यात अवघड गेलं. वॉचमनला पाणी भरल्याची रात्र असते, टेक्निशियनला अडकलेली लिफ्ट असते. सफाईच्या कामात घटना नसते. काम नीट झालं म्हणजे काहीच घडलेलं दिसत नाही. रजिस्टरमध्येही त्यांच्याबद्दल काही सापडलं नाही, एक तक्रार सोडून.

मग मी एका मंगळवारी सकाळी सव्वासातला त्यांच्याबरोबर जिना चढलो. एका विंगला गच्चीपर्यंत १६० पायऱ्या. झाडू रोज, फडकं आठवड्यातून दोनदा. त्या पाणी वरून खाली आणतात, म्हणजे भरलेली बादली आधी सातव्या मजल्यावर न्यावी लागते. सकाळी शाळा-ऑफिसच्या गर्दीत बादली घेऊन लिफ्टमध्ये शिरलं की लोक बघतात, म्हणून त्या साडेसातच्या आत बादल्या वर नेऊन ठेवतात. हे मला १२ वर्षं त्या इमारतीत राहून माहीत नव्हतं. चौथ्या मजल्यावर एका दारासमोर त्यांनी फडकं न फिरवता आधी रांगोळीच्या कडेने हाताने पुसून घेतलं. म्हणाल्या, ‘त्या पहाटे उठून काढतात, पुसली तर बरं दिसत नाही.’

पत्रात हे दोनच मुद्दे आले, बादली आणि रांगोळी. कमिटीतल्या एका हिशेबी सदस्याने दोन विंगच्या ३२० पायऱ्या गुणिले वर्षातले १०४ दिवस असा गुणाकार करून ‘३३,२८० पायऱ्या’ असं वाक्य सुचवलं होतं. ते मी मावशींच्या पत्रातून काढलं. पायऱ्या किती आहेत हे त्यांच्या गुडघ्यांना माहीत आहे. तो आकडा रहिवाशांच्या ग्रुपवर टाकला, तिथे तो शोभला. सोबत एक ठराव: सकाळी साडेनऊपर्यंत बादली लिफ्टने न्यायला कोणी हरकत घ्यायची नाही.

भाषा आणि कागद

पत्र सहा-सात वाक्यांचं पुरे. ‘आपण केलेल्या बहुमोल सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्यात येत आहे’ असली सरकारी वाक्यरचना नको. ‘तुम्ही’ आणि ‘केलंत’ हवं. आमचे दोन वॉचमन बिहारचे आहेत, त्यांची पत्रं हिंदीत लिहिली, तीही बोलण्यातल्या हिंदीत. मराठी मजकूर मशीनमधून काढून हिंदी केला तर ‘आभारी आहोत’चं काहीतरी विचित्र होतं. हिंदी बरी असणाऱ्या शेजाऱ्याकडून एकदा वाचून घ्या.

‘पुढील वर्षीही अशीच सेवा द्याल ही अपेक्षा’ हे वाक्य प्रत्येक मसुद्याच्या शेवटी येऊन बसतं. ते खोडा. आभाराच्या कागदावर नव्या कामाची मागणी नको. तसंच ‘सुट्ट्या कमी कराव्यात’ छापाच्या सूचनाही नकोत. सूचना असतील तर जानेवारीत तोंडी.

हाताने लिहिलेलं पत्र चांगलं दिसतं, पण वॉचमनसाठी मी सोसायटीच्या लेटरहेडवर टाइप केलेलं सुचवेन. त्याला दुसरीकडे नोकरी बघताना ते दाखवता येतं. त्यासाठी त्यात कधीपासून कधीपर्यंत ड्युटी केली ते असावं, तारीख, सेक्रेटरीची सही, शिक्का. मूळ प्रत त्याच्या हातात, झेरॉक्स एजन्सीला. उलटं केलंत तर मूळ प्रत एजन्सीच्या फाईलमध्येच राहते. फक्त जेवढं आपल्याला माहीत आहे तेवढंच लिहायचं. ‘यांचे चारित्र्य उत्तम आहे’ असलं प्रमाणपत्र देण्याचा सोसायटीला अधिकार नाही आणि गरजही नाही.

पाकीट सोबत द्यायचं का, हा प्रश्न दरवर्षी निघतो. बोनस दिवाळीला झालेला असतो. तरी द्यायचंच असेल तर रक्कम पत्रात लिहू नये, एकाच प्रकारच्या कामाला सगळ्यांना सारखी द्यावी, रिलीव्हरलाही. पैसे मेंटेनन्सच्या खात्यातून काढायचे असतील तर कमिटीच्या मिनिट्समध्ये ठराव हवा. स्वेच्छेची वर्गणी काढली तर कोणी किती दिले ही यादी ग्रुपवर टाकू नये. आम्ही पैसे दिले नाहीत. वॉचमनच्या केबिनला नवा पंखा बसवला आणि तो पत्रात उल्लेखला नाही.

हातात देणं

३१ तारखेची संध्याकाळ टाळा. त्या रात्री गेटवर पाहुण्यांची रीघ असते आणि वॉचमनला पाणी प्यायला फुरसत नसते. शिफ्ट बदलताना, रात्री आठला, दोन्ही वॉचमन दहा-पंधरा मिनिटं एकत्र असतात. आम्ही ३० तारखेला ती वेळ साधली. मावशींना सकाळी काम संपल्यावर, दहाच्या सुमारास. टेक्निशियन डिसेंबरची सर्व्हिस महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून जातो, त्यामुळे त्याचं पत्र सगळ्यात आधी तयार हवं. आमचं पहिल्या वर्षी हुकलं आणि जानेवारीच्या सर्व्हिसला दिलं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचं, पण चारचौघांत नाही. आमच्या मावशींना मी बाकावर बसून वाचून दाखवलं. रांगोळीचं वाक्य आलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हे कशाला लिहिलं, झाडू मारायचा सोडून हे करतेय म्हणतील.’ म्हणजे साहेबाच्या नजरेने वाचण्याचं काम माझ्याकडून त्यांच्याच पत्राबाबत राहिलं होतं, कारण त्यांचे साहेब आम्हीच. मी विचारलं, वाक्य काढू का? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘राहू दे, नातवाला वाचायला देते.’

फोटो विचारूनच काढायचा. काढलाच तर पत्र छातीशी धरून उभं करायचं नाही. तसा फोटो रेशन वाटपाचा दिसतो.

नोटीस बोर्डावर आता आम्ही पत्रं लावत नाही, फक्त नऊ जणांची पूर्ण नावं आणि काम लावतो, रहिवाशांनी नावं वाचावीत म्हणून. त्यातही एक चूक झालीच. आमच्या पाण्याच्या पंपाचा माणूस पहाटे पाचला येऊन व्हॉल्व्ह फिरवून सहाला जातो, तो ना मस्टरवर होता ना कोणाच्या डोळ्यांसमोर. २ जानेवारीला त्यानेच वॉचमनला विचारलं, ‘यादी कसली लागलीय?’ त्याचं पत्र ५ तारखेला गेलं. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आता एक दोनशे पानी वही ठेवली आहे, त्यात तारीख आणि काय झालं एवढंच लिहायचं. पहिली नोंद त्याची आहे: पहाटे ५.१०, ए विंगचा व्हॉल्व्ह गळत होता, सुतळी बांधून थांबवला, प्लंबर येईपर्यंत तिथेच बसला.